कंडेन्सरमधील अर्धी ऊर्जा जाते कोठें?

रेडिओयंत्रांतील कंडेन्सर म्हणजे विजेचा भार सांठविणारा लहानसा हौदच होय. १०० मायक्रोफॅरडचा असा एक कंडेन्सर १०० व्होल्टपर्यंत भारला आहे असें समजा. त्याच्या भाराला व्होल्टांनीं गुणिलें म्हणजे एक ज्यूल येतो. पण सांठते त्याच्या निम्मीच ऊर्जा, अर्धा ज्यूल. कारण पहिला भार शून्य दाबावर चढतो, अखेरचाच तेवढा १०० व्होल्टांवर.

आतां तसाच एक रिकामा कंडेन्सर त्यास तारांनीं जोडा. भार दोघांत सारखा वांटला जातो, तिळमात्र नाहींसा होत नाहीं. दाब मात्र ५० व्होल्टांवर येतो. प्रत्येकांत अष्टमांश ज्यूल, दोहोंत मिळून पाव. उरलेला पाव ज्यूल तारेच्या उष्णतेंत, जोडतांना उडणाऱ्या ठिणगींत आणि अल्पांशानें रेडिओ-लहरींत जातो.

जाड तार घेतल्यानें तो वांचेल काय? नाहीं. तिचा विरोध कमी, पण प्रवाह तितकाच जोराचा, हानि तीच. उंच भरलेल्या हौदाचें पाणी रिकाम्या हौदांत सोडलें, तर पाणी तेवढेंच राहतें, पण उंचीचें बळ खळखळाटांत जिरतें, तसेंच हें. दोन्ही कंडेन्सर आधींच समान दाबाचे असून सजातीय टोंकें जोडलीं, तरच कांहीं हानि होत नाहीं.