खडकी आणि बोपोडी यांचीच तुलना का?

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तुलनात्मक निबंध लिहावा लागतो. दोन गावे, दोन राज्ये किंवा दोन देश घ्यायचे आणि त्यांच्यातील फरकाची कारणे शोधायची, असे त्याचे स्वरूप असते. असा निबंध तपासताना जाणकार परीक्षक निष्कर्षाकडे नंतर वळतो. हीच दोन उदाहरणे का घेतली, हे तो आधी पाहतो. पुण्यातील विद्यार्थ्याला सहज सुचेल असा विषय घेऊ : खडकी कॅन्टोन्मेंट आणि शेजारची, पुणे महापालिकेतील बोपोडी. प्रश्न असा, की लोकनियुक्त प्रतिनिधींचा अधिकार कमी असला तर नागरी सुविधा मागे पडतात का?

‘दोन्ही वस्त्या शेजारी आहेत व माहिती मिळणे सोपे आहे,’ असे कारण निबंधात असेल, तर ती सोय झाली. निवडीचे तर्कशास्त्र नव्हे. मात्र शेजाराचा उपयोग निराळ्या प्रकारे सांगता येतो. एकच शहर, एकच पाऊस, रोजगाराची बाजारपेठही बरीचशी सामाईक. म्हणून सुविधांमधील फरकाचे खापर या गोष्टींवर फोडता येत नाही. वेगळा आहे तो कारभार. कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ नुसार बोर्डाचे अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडे असते आणि खडकीसारख्या मोठ्या बोर्डात निवडून आलेले सदस्य निम्मेच असतात. महापालिकेच्या सभागृहात निवडून आलेल्या नगरसेवकांचे बहुमत असते. बाकीचे शक्य तितके सारखे आणि संशयित कारण तेवढे वेगळे, ही मांडणी जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्येच स्पष्ट केली होती.

येथवर निबंध उत्तम वाटतो. खरी परीक्षा पुढे आहे. खडकी आणि बोपोडी यांच्यात फक्त प्रतिनिधींच्या अधिकाराचाच फरक आहे काय? तसे नाही. कॅन्टोन्मेंटमधील बरीच जमीन संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे आणि बांधकामाचे नियमही वेगळे आहेत. उत्पन्नाची साधने वेगळी आहेत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर जुने स्थानिक कर गेले. महापालिकेला राज्य सरकारकडून भरपाई मिळू लागली, तर ती आपल्याला मिळत नाही ही कॅन्टोन्मेंट बोर्डांची तक्रार राहिली. आता खडकीतील एखादा रस्ता खराब असेल, तर दोष प्रतिनिधींच्या तोकड्या अधिकाराचा, पैशाचा की जमिनीच्या मालकीचा? तिन्ही कारणे एकत्रच बदलतात. त्यामुळे कितीही मुलाखती घेतल्या, तरी केवळ या जोडीतून ती वेगळी काढता येणार नाहीत. या टप्प्यावर अनेक विद्यार्थी पुणे कॅन्टोन्मेंट हे तिसरे उदाहरण जोडतात. त्याने पाने वाढतात, पेच सुटत नाही. कारण तेथेही तीच तिन्ही कारणे एकत्र आहेत.

सुटकेची वाट खडकीतच सापडते. २०१५ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. त्यानंतर निवडून आलेल्या सदस्यांविना मोजक्या नेमलेल्या मंडळींचे बोर्ड आले. ३० एप्रिल २०२३ रोजी ठरलेली निवडणूकही रद्द झाली. म्हणजे जमीन तीच, कायदा तोच, उत्पन्नाची साधने बहुतांशी तीच. गेले ते लोकप्रतिनिधी. फेब्रुवारी २०२१ पूर्वीची खडकी आणि नंतरची खडकी ही तुलना मूळ प्रश्नाच्या कितीतरी जवळ जाते. निबंधात ही काळाची विभागणी दिसली, तर लेखकाने निवडीचा विचार केला आहे हे परीक्षकाला कळते.

तरीही एक खोच उरते. त्याच सुमारास कोरोनाची साथ होती. खडकीतील खर्च घटला असेल तर तो साथीमुळेही असेल. अशा वेळी बोपोडी पुन्हा उपयोगी पडते : साथ दोन्हीकडे होती, पण महापालिकेत मार्च २०२२ पर्यंत नगरसेवक होते. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवरही प्रशासक होता, म्हणून ती वर्षे या तुलनेसाठी निरुपयोगी. हाती उरते साधारण तेरा महिन्यांची खिडकी. एवढ्या अवधीत नवा जलवाहिनी प्रकल्प मोजता येत नाही. तक्रारींचा निपटारा, कचरा उचलणे, बैठकांची इतिवृत्ते एवढेच तपासता येते. निबंधाने प्रश्न तेवढाच लहान करायला हवा.

दुसरी चूक अधिक मोहक असते : परिणाम आधी पाहून उदाहरणे उचलणे. सुविधा ढासळलेलीच कॅन्टोन्मेंट निवडली, तर सिद्धान्त खरा ठरणारच. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींवरील २००२ च्या ग्रंथात हा सापळा टाळला. दंगलग्रस्त अलीगढसोबत त्यांनी शांत कालिकत घेतले, हैदराबादसोबत लखनौ आणि अहमदाबादसोबत सुरत. शांत शहर नसते, तर दंगलींच्या गावांत आढळणारी प्रत्येक गोष्ट कारणच वाटली असती.

खडकीच्या निबंधातही म्हणूनच परीक्षक शोधतो ते न जुळणारे उदाहरण : प्रतिनिधी नसतानाही जे काम सुधारले, आणि प्रतिनिधी असतानाही जे रखडले. ते उदाहरण शोधल्याचा मागमूसही निबंधात नसेल, तर गुण तेथेच कापले जातात.