विश्लेषण : घरीच सलाइन, घरीच ऑक्सिजन, विमा कंपनी त्याला ‘अ‍ॅडमिट’ मानते का?

न्यूमोनियाच्या रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन आणि नर्स हे सगळे आता शहरांत घरपोच मिळते. उपचार रुग्णालयासारखेच असले, तरी आरोग्य विम्याचा दावा मात्र आपोआप मंजूर होत नाही. पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली दावा केला जातो आणि रोजची नोंद कशी ठेवली आहे, यावर बरेच काही ठरते.

पॉलिसीत कोणती दोन कलमे असतात?

पहिले कलम ‘डॉमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’. विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या व्याख्येनुसार, एरवी रुग्णालयात दाखल व्हावे लागले असते असा आजार असेल, पण रुग्णाला हलवणेच शक्य नसेल किंवा रुग्णालयात जागा नसेल, तरच घरचे उपचार यात बसतात. म्हणजे घर हा इथे नाइलाज असतो.

दुसरे कलम ‘होम केअर ट्रीटमेंट’. करोनाकाळात, २०२० मध्ये आलेल्या ‘कोरोना कवच’ या प्रमाणित पॉलिसीत करोनाबाधितांसाठी ते १४ दिवसांपर्यंत देण्यात आले. आता काही पॉलिसींमध्ये इतर आजारांसाठीही ते असते. यात बेड उपलब्ध असला तरी चालते. मात्र घरी उपचार घेण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिलेला असावा लागतो.

पैशांत किती फरक पडतो?

समजा, नाशिकमधील ७२ वर्षांच्या आजोबांची पॉलिसी ५ लाखांची आहे. न्यूमोनियासाठी त्यांच्यावर सहा दिवस घरी उपचार झाले. नर्सचे २४ हजार, डॉक्टरांचे ९ हजार, औषधे व सलाइनचे १५ हजार, तपासण्यांचे ५ हजार, ऑक्सिजन यंत्राच्या भाड्याचे ४ हजार आणि देखभालीच्या मावशींचे ६ हजार असे एकूण ६३ हजार रुपये खर्च झाले.

दावा ‘डॉमिसिलियरी’खाली केला, तर कंपनीचा पहिला प्रश्न असेल : बेड मिळत होता का? मिळत असताना केवळ सोय म्हणून घरी राहिले असतील, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. कारण पटले तरी अनेक पॉलिसींत या कलमाला वेगळी मर्यादा असते. ती विमा रकमेच्या १० टक्के असेल, तर ५० हजारांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. शिवाय उपचार तीन दिवसांपेक्षा जास्त चालावेत, अशी अट अनेक ठिकाणी असते आणि दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, उच्च रक्तदाब असे आजार वगळलेले असतात.

‘होम केअर’ कलम असेल आणि त्याला वेगळी मर्यादा नसेल, तर मावशींचे ६ हजार वगळून ५७ हजार मिळू शकतात. प्रशिक्षित नर्सचा खर्च वैद्यकीय धरला जातो, देखभालीचा नाही. पॉलिसीत ‘विमा रकमेपर्यंत’ असे शब्द असतील आणि दाखल होण्याआधीचा व नंतरचा खर्चही या कलमाला लागू असेल, तरच हे उपचार खऱ्या अर्थाने रुग्णालयाच्या बरोबरीचे ठरतात.

दावा कुठे अडकतो?

‘कोरोना कवच’मधील अटींचा साचा इथे उपयोगी पडतो. घरी उपचारांचा डॉक्टरांचा सल्ला हवा, प्रत्येक दिवशी सक्रिय उपचार व डॉक्टरांची देखरेख हवी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा दैनंदिन तक्ता हवा. ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी, दिलेले डोस आणि त्यांच्या वेळा या तक्त्यात दिसायला हव्यात.

‘सक्रिय उपचार’ या शब्दांवर बरेच वाद होतात. आजोबांचे इंजेक्शन चौथ्या दिवशी थांबवून नंतर फक्त गोळ्या सुरू ठेवल्या, तर शेवटच्या दोन दिवसांच्या नर्सची गरज काय, असा प्रश्न कंपनी विचारते. रोजचे चार हजार धरले, तर तिथेच ८ हजार कापले जाऊ शकतात. त्या दिवसांतही ऑक्सिजन लागत होता किंवा प्रकृतीवर लक्ष ठेवणे गरजेचे होते, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून ठेवले असेल, तर बाजू भक्कम राहते. बिल आल्यावर एका बैठकीत भरलेला तक्ता सहसा लगेच ओळखू येतो : शाई एकच, वेळा रोज त्याच.

उपचार सुरू होण्याआधी काय करावे?

कंपनीला किंवा टीपीएला ईमेल करून आजार, डॉक्टरांचा सल्ला, अंदाजे दिवस आणि खर्च कळवावा. दावा कोणत्या कलमाखाली धरला जाईल, हे लेखी विचारावे. कॅशलेस हवे असेल, तर सेवा देणारी संस्था कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे का, हेही पाहावे.

दावा नाकारला तर?

पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीवर नकार दिला, हे कंपनीने कळवायला हवे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पण कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात तक्रार करावी लागते. तिथेही डॉक्टरांचे सल्लापत्र आणि तो सहीचा तक्ता हेच मुख्य पुरावे असतात.