अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे

अंगावर पिणारे बाळ हसते-खेळते आहे, वजनही छान वाढते आहे, आणि एक दिवस लंगोटात पिवळ्या शीबरोबर बुळबुळीत आव व लाल रक्ताचे धागे दिसतात. पहिल्या सहा महिन्यांत असे झाले तर एक नेहमीचे कारण असते दुधातल्या प्रथिनांमुळे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आलेली सूज. आईने घेतलेल्या गाई-म्हशीच्या दुधातली प्रथिने अगदी थोड्या प्रमाणात तिच्या दुधात उतरतात. काही बाळांच्या आतड्याचे नाजूक अस्तर त्यांना विरोध करते, सुजते आणि त्यातून रक्त झिरपते. दोष आईच्या दुधाचा नाही. म्हणून अंगावर पाजणे थांबवू नये. डब्यातली नेहमीची पावडर तर गाईच्या दुधाचीच असते.

निदान कोणत्याही एका चाचणीने होत नाही. ही ॲलर्जी लगेच गांधी उठवणाऱ्या प्रकारातली नसल्याने रक्ताच्या व त्वचेच्या ॲलर्जी चाचण्यांत बहुधा काही सापडत नाही. डॉक्टर आधी गुदद्वाराला चीर आहे का, आईच्या स्तनाग्राला भेग पडून तिचे रक्त बाळाच्या पोटात गेले का, जन्मताना ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते का, हे पाहतात. धागे एकदोनदाच दिसले आणि बाळ ठणठणीत असेल, तर काही दिवस नुसती वाट पाहणेही योग्य ठरते. पुष्कळदा रक्त आपोआप थांबते.

समजा, सहा आठवड्यांच्या बाळाला रोज धागे दिसत आहेत. आई दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करते. घरोघरी चूक होते ती इथेच. चहा सुटतो, पण दुधातला शतावरी कल्प, हळिवाची खीर आणि दूध पावडर घातलेली बिस्किटे चालूच राहतात. बकरीचे दूधही पर्याय नाही, त्यातली प्रथिने जवळपास तशीच असतात. नाचणी, तीळ आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी आईची भर निघते.

रक्त साधारण काही दिवसांत ते दोन आठवड्यांत थांबते. मग आईने पुन्हा दूध घेऊन पाहणे महत्त्वाचे: रक्त परतले तरच निदान पक्के. ही पायरी वगळली, तर आपोआप बरे झालेल्या बाळाची आईही महिनोन्‌महिने उगाच पथ्य पाळत बसते. चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर आणखी पदार्थ मनाने तोडू नयेत. सोया किंवा अंडे बंद करायचे का, हे डॉक्टरांनी ठरवावे.

हिरवी उलटी, फुगलेले पोट, ताप, मलूलपणा, दूध नाकारणे, भरपूर रक्त किंवा जॅमसारखी शी यांतले काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. उरलेल्या बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास दूध विनातक्रार पचू लागते.