यंत्रलिखित मजकूर ओळखणारे डिटेक्टर आणि मराठी लेखन

१. प्रास्ताविक

समजा, तुम्ही स्वतः लिहिलेला मराठी स्वाध्याय एखाद्या डिटेक्टरने ‘यंत्रलिखित’ ठरवला. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावा? याचे उत्तर देण्यासाठी डिटेक्टर नेमके काय मोजतो आणि मराठी शब्द त्याच्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, हे आपण पाहू.

२. डिटेक्टर काय मोजतो?

अनेक डिटेक्टरांच्या मुळाशी एक भाषिक मॉडेल असते. ते मजकूर तुकड्यातुकड्यांनी वाचते आणि पुढचा तुकडा कोणता असेल याचा अंदाज बांधते. या तुकड्याला ‘टोकन’ म्हणतात. अंदाज वारंवार बरोबर आला, तर मजकुराची ‘अनपेक्षितता’ कमी ठरते. यंत्र बहुधा संभाव्य शब्दच निवडते, म्हणून कमी अनपेक्षितता हे यंत्रलेखनाचे लक्षण मानले जाते. किती अनपेक्षितता म्हणजे कमी, याची सीमारेषा नमुना-मजकुरांवरून ठरवतात. हे नमुने मुख्यतः इंग्रजी असतात. अडचणीचे मूळ येथे आहे.

३. मराठी शब्दाचे तुकडे

‘घरासमोरच्या’ हा शब्द घ्या. व्याकरणदृष्ट्या त्यात ‘घर’ या नामाचे सामान्यरूप, ‘समोर’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘च्या’ हा प्रत्यय आहे. संगणकाला ही फोड ठाऊक नसते. त्याच्या लेखी येथे घ, र, ा, स, म, ो, र, च, ्, य, ा अशी ११ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे या एका शब्दाचे ३३ बाइट होतात. इंग्रजी ‘हाउस’ या शब्दाला, रोमन लिपीत, ५ बाइट पुरतात.

मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडवलेल्या मॉडेलकडे ‘हाउस’साठी अखंड टोकन असते, मराठी शब्दांसाठी सहसा नसते. २०१९ मधील जीपीटी-२ हे अशा मॉडेलचे परिचित उदाहरण आहे. अशी मॉडेले देवनागरीच्या एकेका चिन्हाचेही दोन-तीन तुकडे करू शकतात.

४. सरासरीची फसगत

देवनागरीच्या ३ बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक असतो. खरी माहिती मुख्यतः तिसऱ्या बाइटात असते. त्यामुळे पहिले तुकडे मॉडेल जवळजवळ अचूक ओळखते.

उदाहरणादाखल, एका चिन्हाच्या जागी मॉडेलपुढे १६ सारख्याच संभाव्य पर्याय आहेत असे माना. ते चिन्ह एकाच टोकनात आले, तर अनपेक्षितता १६ येईल. त्याचे दोन तुकडे झाले, तर पहिला निश्चित असल्याने तेथे पर्याय १ आणि दुसऱ्यापाशी १६. ही सरासरी गुणाकाराने काढतात : १ × १६ = १६, आणि त्याचे वर्गमूळ ४. मजकूर तोच, लेखक तोच. केवळ तुकडे पडल्यामुळे १६ चे ४ झाले. इंग्रजीसाठी सीमारेषा ८ ठरवलेली असेल, तर माणसाने लिहिलेला हा मजकूर ‘यंत्रलिखित’ ठरेल.

५. उलट दिशेची चूक

मॉडेलकडे मराठी शब्दांची टोकने आहेत, परंतु मराठीचा परिचय तोकडा आहे, असेही घडते. मग ‘प्रस्तुत प्रकरणात’ यासारखी रुळलेली शब्दयोजनाही त्याला अनपेक्षित वाटते आणि यंत्राने लिहिलेला मजकूर ‘मानवी’ म्हणून सुटतो. नव्या मॉडेलांत देवनागरीचे तुकडे कमी पडतात, त्यामुळे पहिली चूक घटते. पण सीमारेषा इंग्रजीवरूनच आखली असेल, तर दुसरी उरतेच. ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेला डिटेक्टर केवळ इंग्रजीसाठी वापरावा असे तिनेच सुचवले होते. कमी अचूकतेमुळे तो त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेण्यात आला.

६. पडताळणी कशी करावी?

माणसाने लिहिल्याची खात्री असलेले मराठी मजकूर डिटेक्टरला द्यावेत आणि त्यांपैकी किती ‘यंत्रलिखित’ ठरतात ते मोजावे. येथे प्रसिद्ध लेखकांचे उतारे घेऊ नयेत. ते मॉडेलच्या वाचनात आधीच आले असल्यास ओळखीचे, म्हणून कमी अनपेक्षित वाटतात. २०१९ पूर्वीच्या अप्रकाशित उत्तरपत्रिका किंवा पत्रे अधिक उपयुक्त ठरतात. ही चाचणी न झालेल्या डिटेक्टरचा आकडा मराठी लेखनाबाबत पुरावा ठरत नाही. तुमच्यावर आक्षेप आलाच, तर कच्चे खर्डे, टिपणे आणि विषयावरील तोंडी चर्चा यांतून लेखनाची प्रक्रिया दाखवता येते. म्हणून खर्डे जपून ठेवावेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘शाळेमागच्या’ या शब्दातील चिन्हे मोजा आणि त्याचे बाइट किती होतील ते सांगा.
२. वरील उदाहरणात एका चिन्हाचे तीन तुकडे झाले आणि पहिले दोन निश्चित असले, तर अनपेक्षितता ४ पेक्षा कमी येईल की जास्त? कारण द्या.