सुनेसाठी एक चिठ्ठी

माप ओलांडून सून घरात येते तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. निवांत बोलणं होत नाही. म्हणून चिठ्ठी. पण बहुतेक चिठ्ठ्या 'तू सून नाहीस, मुलगीच' इथे अडकतात. हे वाक्य कुठल्याही सुनेला लिहिता येतं, म्हणून ते कोरडं वाटतं. शिवाय तिला तिची आई आहेच की!

माझ्या मैत्रिणीने असा कागद फाडला आणि नव्याने लिहिलं: "साखरपुड्याला तू चहा अर्धाच प्यायलीस. आमच्याकडे फार गोड करतात. तुझा बिनसाखरेचा वेगळा ठेवीन. गीझरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर, दारामागे आहे. नवीन माणसाला सापडत नाही. मी साडेपाचला उठते, तू उठायलाच हवं असं नाही. मला काय हाक मारायची ते तूच ठरव."

सुनेकडे आपलं लक्ष होतं, हे चहाच्या ओळीतून आपोआप कळतं. सवलत मात्र पाळता येईल तेवढीच लिहावी. साडेपाचला भांडी जास्तच वाजू लागली, तर चिठ्ठी खोटी पडते. लेकाचं कौतुक तिने गाळलं. चिठ्ठी तिने सुनेसाठी रिकाम्या केलेल्या कपाटाच्या खणात ठेवली.