चार सेकंद, साठ खुणा : हिंदी संवादाचे मराठी सबटायटल

इंदूरच्या काही विद्यार्थ्यांनी केलेल्या एका हिंदी लघुपटाला मराठी सबटायटल देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते मला फारसे अवघड वाटले नव्हते. लिपी एक, वाक्यरचना जवळपास एक आणि निम्मे शब्द ओळखीचे. लघुपट बेळगावकडच्या मराठी प्रेक्षकांना दाखवायचा होता. तिथल्या अनेक वयस्कर मंडळींच्या कानावर मराठी आणि कन्नड रोज पडते, हिंदी तितकी पडत नाही. माझा पहिला मसुदा अचूक होता. इथे घरी तो लावून पाहिला तेव्हा माझी आई म्हणाली, "वाचत बसले की त्या बापाचा चेहरा बघायचा राहून जातो." तिचे म्हणणे बरोबर होते. मी अनुवाद केला होता, पण तो वाचायला प्रेक्षकाच्या हाती किती वेळ आहे हे पाहिलेच नव्हते.

मग आम्ही मर्यादा ठरवली. एका वेळी पडद्यावर फार तर दोन ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त 40 खुणा आणि एका सेकंदाला 15 खुणा. रोमन लिपीसाठी ओळीला 42 हा आकडा बराच रूढ आहे. प्रेक्षक वयस्कर असल्याने आम्ही वेग जाणूनबुजून कमी ठेवला. संवाद चार सेकंद चालत असेल तर त्याच्या वाट्याला 60 खुणा येतात, मग वाक्य कितीही सुंदर असो.

इथे 'अक्षर' न म्हणता 'खूण' म्हणण्याला कारण आहे. आपण 'मर्यादा' या शब्दात तीन अक्षरे मोजतो. संगणक मात्र म, र, हलन्त, य, काना, द, काना अशा सात खुणा मोजतो. मोकळी जागा आणि विरामचिन्हेही त्यात धरली जातात. सगळी साधने एकसारखी मोजत नाहीत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी 'स्त्री' हा शब्द टंकून पाहावा. गणना 6 दाखवली तर साधन प्रत्येक खूण सुटी मोजते. त्याहून कमी दाखवली तर ते जोडाक्षरे किंवा मात्रा एकत्र धरते. तशा वेळी मर्यादेचा आकडा त्याच प्रमाणात खाली आणावा लागतो, नाहीतर आकड्यात बसलेली ओळ वाचकाला मात्र जड जाते. या लेखातली गणना सुट्या खुणांची आहे.

आता एक उदाहरण पाहू. ते मूळ लघुपटातले नाही, वर्गात समजावण्यासाठी मी त्याच धर्तीवर रचलेले आहे. वडील शहरात नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर म्हणतात, "कितनी बार कहा है तुमसे, माँ की तबीयत ठीक नहीं है, दो दिन की छुट्टी लेकर घर आ जाओ।" याला चार सेकंद. मग किंचित थांबून, "पर तुम्हारे पास तो वक़्त ही नहीं है।" याला दोन सेकंद. म्हणजे पहिल्या भागाला 60 खुणा आणि दुसऱ्याला 30.

सरळ अनुवाद असा होतो : 'तुला किती वेळा सांगितलं आहे की आईची तब्येत ठीक नाही, दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी ये.' यात 85 खुणा आहेत. पंचवीस कमी करायच्या आहेत. एका विद्यार्थिनीने लगेच सुचवले, 'आईला बरं नाही, घरी ये.' हे मर्यादेत आरामात बसते, पण यात वडील बदलतात. मूळ संवादातला माणूस आधी अनेकदा बोलून थकलेला आहे आणि मागतो आहे ते केवळ दोन दिवस. 'किती वेळा' गेले की त्याची तक्रार जाते आणि 'दोन दिवस' गेले की त्याच्या मागणीचा लहानपणा जातो. उरतो तो नुसता हुकूम. शिवाय प्रेक्षकाच्या कानावर 'दो दिन' पडतेच. ऐकू आलेली संख्या किंवा नाव खाली लिहिलेले दिसले नाही की काहीतरी लपवले जात आहे असे त्याला वाटते.

म्हणून कात्री दुसरीकडे लावली. 'तुला' काढले, कारण वडील कोणाशी बोलत आहेत ते पडद्यावर दिसते. 'आहे की' ऐवजी स्वल्पविराम दिला. 'तब्येत ठीक नाही' हे मराठीत चुकीचे नाही, पण घरात आपण 'बरं नाही' म्हणतो आणि ते आखूडही आहे. 'सुट्टी घेऊन'च्या जागी 'रजा काढून' आले. शेवटचे रूप असे झाले :

```
12
00:04:10,000 --> 00:04:14,000
किती वेळा सांगितलं, आईला बरं नाही.
दोन दिवस रजा काढून घरी ये.

13
00:04:14,100 --> 00:04:16,100
पण तुला वेळच कुठे आहे!
```

पहिली ओळ 34 खुणांची, दुसरी 26, म्हणजे बरोबर 60. ओळ वाक्य संपते तिथेच तुटते, त्यामुळे डोळ्याला मागे वळावे लागत नाही. पुढच्या वाक्यात 'पण तुझ्याकडे तर वेळच नाही' हेही मर्यादेत बसले असते, पण तो हिंदीचा साचा आहे. 'तो' मधला टोमणा मराठीत 'कुठे आहे' ने येतो. 22 खुणांत काम झाले आणि उरलेला वेळ वडिलांचा चेहरा पाहायला मिळाला.

एक गोष्ट यातून ध्यानात आली. मराठी स्वभावतः हिंदीपेक्षा आखूड होऊ शकते, पण बोलीच्या अंगाने गेली तरच. 'जा रहा हूँ' मध्ये 10 खुणा, 'जात आहे' मध्ये 7, 'जातोय' मध्ये 5. 'सांगितले' आणि 'सांगितलं' यांची गणना मात्र सारखीच, तेव्हा संवादात ग्रांथिक रूप ठेवायला जागेचे कारणही उरत नाही.

दोन ठिकाणी मात्र ही जवळीक धोक्याची ठरते. पहिले, सारखे दिसणारे शब्द. 'उसकी शिक्षा अधूरी रह गई' याचे घाईत 'त्याची शिक्षा अधुरी राहिली' असे टंकले गेले आणि शाळा सुटलेला मुलगा तुरुंगातून सुटलेला वाटू लागला. तिथे 'शिक्षण अर्धवट राहिलं' हवे. हिंदीतला 'राज़ीनामा' तडजोडीचा असतो, आपला नोकरी सोडण्याचा. शब्द ओळखीचा वाटला की तिथेच थांबून तो तपासावा.

दुसरे, संबोधने. हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या. बोलण्यातल्या मराठीत तू आणि तुम्ही या दोनच. दोन मित्र 'तुम' वरून भांडणात 'तू' वर आले, तर मराठीत ते आधीपासूनच 'तू' वर असतात. ही पायरी सर्वनामात दाखवता येत नाही, ती क्रियापदात दाखवावी लागते. 'जाओ यहाँ से' ला 'जा इथून' आणि त्यानंतरच्या 'निकल यहाँ से' ला 'चालता हो!' असे मी केले. उलट, वडील मुलीला उपरोधाने 'आप' म्हणू लागले तर 'तुम्ही' चपखल बसते. आपल्याकडेही रागावलेला बाप लेकीला असेच अहोजाहो करतो.

सबटायटल तपासायची माझी रीत आता ठरली आहे. आवाज बंद करून प्रसंग एकदा पाहायचा. संवाद वाचून झाल्यावर नजर वर जाऊन पात्राचा चेहरा पाहता आला तर ओळ ठेवायची. आला नाही, तर गणना मर्यादेत असली तरी ती ओळ पुन्हा लिहायची. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी आईने तो फोनचा प्रसंग पाहिला आणि ती फक्त एवढेच म्हणाली, "रडत नाही, पण डोळे भरलेत त्याचे." पहिल्या वेळी हे तिला दिसलेच नव्हते.