पंपावरचे ८५ आणि झाकणावरचे ८७

डेनव्हर विमानतळावर भाड्याची गाडी घेऊन रॉकी पर्वताकडे निघालेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच पेट्रोल पंपावर कोडं पडतं. पिवळ्या पट्ट्यांवर काळे आकडे असतात : ८५, ८७ आणि ९१. आपल्याकडे पंपावर ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पाट्या पाहिलेल्या असतात. त्यामुळे ८५ आणि ८७ म्हणजे हलका माल वाटतो आणि हात आपोआप ९१च्या बटणाकडे जातो. ‘भाड्याची गाडी आहे, उगाच बिघडायला नको’ हा विचारही मनात असतोच.

पण अमेरिकेचा ८७ आणि आपला ९१ हे जवळजवळ एकच पेट्रोल आहे. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीने पेटायला हवं. त्यातला उरलेला भाग दाब आणि उष्णतेने आपोआपच भडकला तर इंजिन खडखडतं. याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. ते टाळण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ती चाचणीच्या इंजिनावर दोन प्रकारे मोजतात. सौम्य परिस्थितीतल्या चाचणीचा आकडा रॉन आणि जास्त वेग-उष्णतेतल्या चाचणीचा मॉन. मॉन नेहमीच्या पेट्रोलमध्ये आठ-दहाने कमी येतो. भारत आणि युरोप पंपावर रॉन लिहितात, तर अमेरिका आणि कॅनडा दोन्हींची सरासरी. पिवळ्या पट्टीवर बारीक अक्षरात (R+M)/2 असं छापलेलं असतं, ते हेच.

आता हिशेब करून पाहू. एखाद्या पेट्रोलचा रॉन ९२ आणि मॉन ८२ असेल, तर सरासरी ८७ येते. हेच अमेरिकेचं साधं पेट्रोल. युरोपातल्या ९५च्या पेट्रोलचा मॉन किमान ८५ असावा लागतो, म्हणजे अमेरिकी मापाने ते ९० झालं. ढोबळमानाने अमेरिकी आकड्यात चार-पाच मिळवले की आपला आकडा मिळतो.

म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलं असेल, तर ८७ भरावं. ९१ भरल्याने ती गाडी जास्त पळत नाही आणि इंजिन जास्त स्वच्छही राहत नाही. गॅलनमागे पाऊण-एक डॉलर मात्र जास्त जातो. टाकी चौदा गॅलनची असेल, तर दहा-बारा डॉलर गेले. महागड्या टर्बो गाड्यांमध्ये ९१ लिहिलेलं असतं, तिथे पुढचा शब्द पाहावा. ‘रिक्वायर्ड’ असेल तर दुसरा विचार नको. ‘रेकमेंडेड’ असेल तर पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्यापर्यंत खाली येता येतं, ताकद थोडी कमी मिळते इतकंच.

खरी फसगत ८५ची. पंपावर त्यालाच ‘रेग्युलर’ म्हणतात आणि ते सर्वांत स्वस्त असतं. कोलोरॅडो, युटासारख्या उंच राज्यांत ते मिळतं, त्यामागे जुनं कारण आहे. डेनव्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच. तिथे हवा विरळ, त्यामुळे सिलिंडरमधला दाब कमी आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं कमी ऑक्टेनवर भागायचं. आजच्या गाड्या सेन्सरने हवा मोजून ठिणगीची वेळ ठरवतात, आणि टर्बो तर विरळ हवा दाबून भरतो. उंचीची ती सवलत त्यामुळे बरीचशी उरलेली नाही. कंपन्या पुस्तिकेत किमान ८७ लिहितात आणि डोंगरासाठी सूट देत नाहीत. रस्ता तर पुढे खाली, सखल राज्यांतही उतरतोच.

८५ चुकून भरलंच तर टाकी रिकामी करायची गरज नाही. आधुनिक इंजिनातला नॉक सेन्सर खडखड ओळखून ठिणगी थोडी उशिरा टाकतो, त्यामुळे गाडी चढावर मंदावते. ॲक्सिलरेटर जोरात दाबू नये. टाकी अर्धी झाली की ९१ने भरून घ्यावी. मिश्रण साधारण ८८ होतं. एवढं करूनही चढावर धातूचा टणटण आवाज येत राहिला किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर भाड्याच्या कंपनीला फोन करावा.

युरोपात आकड्यांची ही कसरत लागत नाही. तिथे ९५ म्हणजे रॉनच. तिथे गोंधळ होतो तो गोल चिन्हातल्या ई-५, ई-१० या खुणांनी. त्या ऑक्टेन नव्हे, इथेनॉलचं कमाल प्रमाण सांगतात. झाकणावर तीच गोल खूण असेल, तर ते पेट्रोल चालतं. चौकोनातलं बी-७ हे डिझेल. ई-८५ हे ऑक्टेनचं ८५ नव्हे, ते फक्त त्यासाठी बनवलेल्या गाड्यांतच भरायचं.

गाडी ताब्यात घेतानाच झाकण उघडून आतल्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. पट्टी नसेल, तर काउंटरवरच विचारून करारावर लिहून घ्या.